पाटीवरचे दोन शब्द: ‘प्लँटेशन’ आणि ‘चेरी’

डोंबिवली पूर्वेला स्थानकापासून थोडे आत गेले की कॉफी दळून देणारे एक लहानसे दुकान लागते. तिथल्या काळ्या पाटीवर खडूने भाव लिहिलेले असतात: प्लँटेशन ए, पीबेरी, अरेबिका चेरी, रोबस्टा चेरी. आम्ही अनेक वर्षे या पाटीसमोर उभे राहून ‘नेहमीचे द्या’ एवढेच म्हणत आलो. वर्गात शब्दांची व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांना या चार शब्दांविषयी प्रश्न पडू नये, हे आमचे आम्हालाच एके दिवशी विचित्र वाटले. कॉफी सगळीच मळ्यात होते, मग त्यांतली एकच ‘प्लँटेशन’ का? आणि कॉफीचे प्रत्येक फळ चेरीच म्हणवते, मग ‘चेरी’ हे एका वेगळ्या मालाचे नाव कसे झाले?

दुकानदारांनी दिलेले उत्तर सोपे होते. ‘सर, प्लँटेशन म्हणजे धुतलेली, चेरी म्हणजे तशीच वाळवलेली.’ उत्तर बरोबर आहे. परंतु एवढ्या उत्तराने शब्दाचा इतिहास उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकात सिलोनच्या व्यापारात दोन माल वेगळे ओळखले जात: ‘प्लँटेशन कॉफी’ आणि ‘नेटिव्ह कॉफी’. गोऱ्या मळेवाल्यापाशी वाहते पाणी, फळ सोलण्याचे यंत्र आणि धुण्याचे हौद होते. गावकऱ्यापाशी अंगण आणि ऊन होते. पहिल्याची कॉफी सोलून, धुऊन वाळे, दुसऱ्याची फळासकट. म्हणजे जो शब्द आज प्रक्रियेचे नाव म्हणून वापरला जातो, तो मुळात मालकाचे नाव होता. ‘नेटिव्ह’ पाटीवरून पुसला गेला, ‘प्लँटेशन’ मात्र टिकला. आज चार एकरांच्या शेतकऱ्यानेही अरेबिका धुऊन वाळवली तर तिला प्लँटेशनच म्हणतात.

पण कोणता माल धुवायचा आणि कोणता तसाच वाळवायचा, हे केवळ मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही. त्याचा निम्मा निर्णय आठ-नऊ महिने आधी, मार्च-एप्रिलमधल्या एका पावसाने झालेला असतो. ही गोष्ट आम्हाला दोन वर्षांपूर्वी चिकमगळूर जिल्ह्यातल्या एका मळ्यावर कळली, आणि तिथे आधी लक्षात आली ती सावली.

मळा म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर उघडी जमीन आणि ओळीने लावलेली झाडे येतात. इथे आम्ही रानात शिरलो की मळ्यात, हेच प्रथम उमगेना. वर उंबर, फणस, शिसवी आणि सरळसोट सिल्व्हर ओक, ओकच्या खोडांवर मिरीचे वेल, त्यांच्याखाली पांगारा, आणि सर्वांत खाली, पुरुषभर उंचीला छाटून ठेवलेली कॉफीची झुडपे. ही रचना निसर्गाने आयती दिलेली नाही, आणि मळेवाल्यांना ती पहिल्यापासून पटलेलीही नव्हती. बाबा बुडन यांनी मोख्याहून सात बिया आणल्याची दंतकथा बाजूला ठेवली तरी, त्या डोंगरांतली जुनी देशी लागवड झाडांच्या आडोशानेच होई. पुढे युरोपीय मळेवाले आले तेव्हा, विशेषतः कोडगूत, अनेकांनी सिलोनचा कित्ता गिरवला: रान तोडले, जाळले आणि उघड्या उन्हात कॉफी लावली. पहिली काही वर्षे पीक भरघोस आले. राखेचे खत आणि रानाची शतकांची माती असल्यावर ते यायचेच.

1860 च्या दशकात खोडकिडा आला. हा एक भुंगेरा. त्याची मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते आणि अळी लाकूड पोखरत आत शिरते. बाहेरून दिसतात त्या खोडावर उठलेल्या वळ्या, पिवळी पडलेली पाने आणि एका झटक्यात मोडणारे झाड. मद्रास सरकारने डॉ. जॉर्ज बिडी यांना चौकशीस पाठवले. 1869 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा भर सावलीवर होता, आणि त्यामागचे कारण पुढे पक्के ठरले: या भुंगेऱ्याला ऊन लागलेले, तापलेले खोड अंडी घालायला आवडते. रॉबर्ट इलियट हे म्हैसूरचे मळेवाले. त्यांच्या 1894 च्या पुस्तकात सावलीची झाडे कोणती लावावीत आणि कोणती टाळावीत याची चर्चा पानेच्या पाने चालते. तोडलेले रान पुन्हा लावण्याची ही तपशीलवार कृती वाचताना आम्हाला वसाहतीच्या ज्ञानव्यवहारावरचे पुष्कळ लेख आठवले. त्यांत हे उदाहरण कुणी घेतलेले आमच्या तरी वाचनात नाही.

सावली म्हणजे अंधार नव्हे, हेही तिथेच उमगले. पावसाळ्याच्या दिवसांत पांगाऱ्याच्या फांद्या छाटून प्रकाश आत घेतात, कारण पावसाळा सरताना कळ्यांचे अंकुर धरतात आणि त्यांना ऊन लागते. छत दाट राहिले तर झुडूप पाने काढत बसते, फुले देत नाही. याउलट फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत पांगाऱ्याला पुन्हा फुटलेली पालवी कामी येते. मातीतली ओल टिकते आणि झुडूप तहानेने मरत नाही. थोडे तहानलेले मात्र राहते. हे ‘थोडे’ फार महत्त्वाचे आहे.

अरेबिकाच्या कळ्या पानांच्या बेचक्यांत चार-सहा मिलिमीटर वाढतात आणि थांबतात. जानेवारी ते मार्च त्या निजलेल्या असतात. पाणी मिळाले की कळी उमलते असे आपण सहज म्हणू, पण नुसते पाणी पुरत नाही. पावलो आल्व्हिम या ब्राझीलच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1960 साली दाखवून दिले, की ज्या कॉफीच्या झाडांना नियमित पाणी मिळत राहते त्यांच्या कळ्या उठतच नाहीत. आधी ताण बसायला हवा, मग एकदम ओल मिळायला हवी. तहान ही इथे अट आहे. म्हणूनच मार्च-एप्रिलच्या पहिल्या वळवाला तिथले बागायतदार ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात आणि पर्जन्यमापकाकडे आपण परीक्षेच्या निकालाकडे पाहावे तसे पाहतात.

समजा, 20 मार्चला संध्याकाळी गडगडून इंचभर, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला. कळ्या फुगू लागतात, पांढऱ्या होतात आणि नवव्या-दहाव्या दिवशी पहाटे सारा मळा एकदम फुलतो. जाईजुईसारखा वास, आणि दोन-तीन दिवसांत सारे संपते. फुले उमललेल्या त्याच दिवशी सकाळी पाऊस आला तर पराग धुऊन जातात. अरेबिका स्वतःच्याच परागांवर फळते, म्हणून नुकसान मर्यादित राहते; रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, तिथे फटका मोठा. पुढे पंधरा-वीस दिवसांनी दुसरा पाऊस हवा, नाहीतर धरलेली फळे गळतात. आणि 20 मार्चला इंचाऐवजी पाच-सात मिलिमीटरच पडला तर? मग कळी अर्धवट जागी होते. तिच्यातून गुलाबी-हिरवट, तारेसारखे कडक फूल येते, ज्यात फळ धरण्याची ताकद नसते. ते पाहिले की बागायतदाराला वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज येतो. पाणी असलेला रोबस्टावाला अशा वेळी तुषार लावून पाऊस पुरा करतो; उतारावरच्या अरेबिकावाल्याला ते बहुधा जमत नाही.

आपला ‘वळीव’ इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मराठी कवितेने या पावसाला मातीचा वास आणि आठवणी दिल्या. पण तो मुळात देशावरचा, कोल्हापूर-साताऱ्याकडचा पाऊस आहे. ठाणे-कल्याणात तो मेअखेरीस आला तर आला, नाहीतर थेट मृगच. येऊरच्या डोंगराला सावलीही आहे आणि मुसळधार पावसाळाही. पण तहानेनंतर वेळेवर येणारी मार्चची सर तिथे नाही. महाराष्ट्रात कॉफी म्हणून चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते, इंग्रजी अमदानीत तिथे लावलेली. पण तिथेही उन्हाळी पाऊस हमखास नसतो.

आता पाटीकडे परत येऊ. एकच दमदार पाऊस झाला की एकच बहर येतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात फळे जवळजवळ एकदम लाल होतात. पाऊस तुकड्यांत झाला तर तीन-चार बहर येतात, आणि एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळे दाटतात. फळ सोलणारे पल्पर हे यंत्र पिकलेल्या फळालाच मानते. पिकल्या फळाची साल दाबताच निसटते, हिरवे फळ सोलले जात नाही, त्याचे बी मात्र चेचते. त्यामुळे तोडणीनंतर फळे निवडतात: पिकलेली पल्परकडे, हिरवी आणि अतिपक्व खळ्यावर. ज्या वर्षी बहर विस्कटतो, त्या वर्षी ‘प्लँटेशन’ कमी आणि ‘चेरी’ जास्त होते.

सोललेल्या बीवर चिकट गर राहतो. ते हौदात ठेवले की अरेबिकाचा गर साधारण चोवीस ते छत्तीस तासांत आंबून सैल होतो. केव्हा थांबायचे हे ठरवतो तो हात: मूठभर बिया धुऊन चोळल्या आणि निसरड्या न लागता वाळूखड्यांसारख्या खरखरल्या, की धुवायचे. त्यानंतरही हौदात राहिल्या तर आंबट, कुजका वास बीत उतरतो आणि भाजूनही जात नाही. धुतलेल्या बिया टरफलासह आठवडा-दहा दिवस वाळतात. चेरीला दोन आठवडे लागतात, कारण साल आणि गर अंगावरच असतात. थर जाड झाला किंवा ढवळणे चुकले तर आत बुरशी धरते. पसाभर फळे कानाशी हलवून बी खुळखुळले, की वाळवण पुरे.

चवीतला फरक केवळ गराच्या गोडीने येतो असे आम्हीही मानत होतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगला डिर्क सेल्मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या दशकात दाखवले, की त्या सुमारास बी जिवंत असते. साल निघाल्यावर धुतलेले बी रुजू लागते आणि साठवलेली ग्लुकोज-फ्रुक्टोज खर्च करते. फळात कोंडलेले बी त्या मानाने कमी रुजते. त्याची शर्करा बरीच शिल्लक राहते, आणि सावकाश वाळण्याच्या ताणाने त्यात वेगळी द्रव्ये साठतात. म्हणून धुतलेली कॉफी पेल्यात स्वच्छ, चटकदार आंबूस लागते. तशीच वाळवलेली जड, गोडसर, चांगली असेल तर फळाच्या वासाची आणि वाईट असेल तर ओल्या मातीची.

गेल्या महिन्यात आम्ही दुकानात प्रथमच दोन वेगळ्या पुड्या मागितल्या: प्लँटेशन ए शंभर ग्रॅम, चेरी शंभर ग्रॅम, चिकोरी नको. दुकानदारांनी विचारले, ‘चेरी कोणती, रोबस्टा?’ तेव्हा चूक लक्षात आली. फरक प्रक्रियेचा पाहायचा असेल तर जात एकच हवी. नाहीतर रोबस्टाचा कडूपणा आपण चेरीच्या माथी मारतो, आणि बहुतेकजण नेमके तेच करत आलेले आहेत. अरेबिका चेरी त्या दिवशी संपली होती. ‘जानेवारीचा माल येऊ द्या,’ असे म्हणून त्यांनी पाटीवरची ती ओळ बोटाने पुसली.