सारांशलेखन : कचेरीतून परीक्षेत

१/ ब्रिटनमध्ये १८५५ साली मुलकी सेवा आयोग स्थापन झाला आणि अनेक खात्यांच्या निवडपरीक्षांत ‘प्रेसी’, म्हणजे सारांशलेखन, आले. वरिष्ठाला सारा पत्रव्यवहार वाचणे अशक्य असे. तो कनिष्ठाने काढलेल्या गोषवाऱ्यावर निर्णय घेई.

२/ आजही संघ लोकसेवा आयोगाच्या मराठी प्रश्नपत्रिकेत उतारा स्वतःच्या शब्दांत एकतृतीयांश करावा लागतो. हे एकवीस शब्द पाहा : ‘पाऊस लांबला, विहिरी आटल्या, वैरण संपली, म्हणून अखेर गावकऱ्यांनी मिळेल त्या भावाने गुरे विकली आणि कामाच्या शोधात मुलाबाळांसह शहराची वाट धरली.’

३/ मर्यादा सात शब्दांची. मूळ शब्द उतरवू लागल्यास ‘म्हणून’पाशीच ती संपते, कारणे उरतात, परिणाम हरवतो. स्वतःच्या शब्दांत : ‘अवर्षणामुळे गुरे विकून गावकरी रोजगारासाठी शहरात गेले.’ तीन कारणे एका शब्दात सामावली.

४/ मात्र ‘मिळेल त्या भावाने’ गळाले. परीक्षेत तो तपशील गौण ठरतो. कचेरीत मात्र गावकऱ्यांचे नुकसानच वरिष्ठाच्या नजरेआड होते. म्हणून दप्तरात गोषवारा सापडला, तरी अभ्यासकाने मूळ पत्र शोधावे. दोहोंतील अंतर हाही पुरावाच असतो.