तुलनागटाविना धोरणपरीक्षण : अमृत आहार योजनेचे उदाहरण

एकाच राशीची समान अंतराने घेतलेली मापने म्हणजे कालश्रेणी. धोरण बदलले त्या क्षणी तिचे दोन खंड कल्पावेत, पूर्वखंडाची प्रवृत्तिरेषा पुढे वाढवावी आणि उत्तरखंड तिच्यापासून किती ढळला ते मोजावे, ही खंडित कालश्रेणीची पद्धती होय. येथे तुलनागटाचे काम त्याच लोकसमूहाचा भूतकाळ करतो.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५च्या अखेरीस राज्याच्या अनुसूचित क्षेत्रात लागू झाली; गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळू लागला. ठाण्याचा शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित असल्याने योजनेबाहेरचा पाडा तेथे मिळत नाही. मुरबाडची बरीच गावे क्षेत्राबाहेर आहेत. परंतु तेथील आदिवासी वस्तीच विरळ असल्याने ती तुलनेस अपात्र ठरतात.

अडीच किलोहून कमी वजनाच्या नवजातांचे मासिक प्रमाण ही राशी घेऊ. समजा, ते आरंभी ३० टक्के होते आणि योजनेपूर्वीच दरमहा ०.१ टक्केबिंदूने घटत होते. पन्नास महिन्यांनी हीच रेषा २५ वर येते. प्रत्यक्ष प्रमाण त्या वेळी २३ असेल, तर योजनेच्या खाती दोनच टक्केबिंदू जमा होतात, सात नव्हेत. पूर्वोत्तर सरासऱ्यांची वजाबाकी हा भेद करू शकत नाही. ढळही द्विविध असतो : पातळी एकदम खाली येणे आणि घटीचा वेग वाढणे. पोषणाचा परिणाम सहसा दुसऱ्या प्रकारचा अपेक्षावा.

खंडबिंदू आदेशाच्या तारखेवर ठेवणे चूक. जानेवारी २०१६मध्ये प्रसूत झालेल्या मातेला फार तर काही आठवडे आहार मिळाला असेल. म्हणून मधले महिने संक्रमणकाळ मानून वगळावेत, आणि ते किती हे आलेख पाहण्यापूर्वीच ठरवावे. आलेख पाहून निवडलेला खंडबिंदू हवा तो परिणाम दाखवतो.

सर्वांत फसवे कारण ऋतूचे आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. योजनेचा आरंभ नेमका या स्थलांतरात येतो : दुर्बळ माता नोंदीतून बाहेर गेल्या की प्रमाण आपोआप सुधारते. त्या महिन्यांत एकूण जन्मनोंदीही घटल्या असतील, तर ही शंका बळावते. यावर उपाय असा की पूर्वखंडात किमान तीन वर्षे घ्यावीत आणि प्रत्येक महिन्याचा स्वतंत्र सहगुणक धरावा. लगतच्या महिन्यांतील त्रुटी परस्परावलंबी असतात. ते दुर्लक्षिल्यास निष्कर्ष वाजवीपेक्षा निश्चित भासतो.

मापनाचा बदल हा निराळा दोष. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा ठाण्याच्या आकडेवारीतून गेले. जिल्ह्याची श्रेणी तेथेच तुटते, म्हणून तालुक्याचीच घ्यावी. वजनकाट्याचेही तसेच. नोंदवहीत बरोबर २.५ किलोचे आकडे दाटलेले असतील आणि नवा काटा येताच ते विखुरले, तर प्रमाण बालकांमुळे नव्हे, काट्यामुळे हलते.

जानेवारी २०१७पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची रोख मदत लागू झाली, आणि तिच्या लाभार्थींत याच माता येतात. त्यापुढील ढळ आहाराचा की रोकडीचा, हे ही रचना सांगू शकत नाही.