दमा, लो शुगर आणि बीटा-ब्लॉकर: एका खणाची गोष्ट

औषधशास्त्राच्या पुस्तकात बीटा-ब्लॉकरच्या पानावर दोन इशारे हमखास सापडतात. एक, दम्याच्या रुग्णाला जपून. दोन, लो शुगरची लक्षणं झाकली जातात. आपण दोन्ही पाठ करतो आणि पुढे जातो. पण श्वासनलिका कुठे आणि साखर कुठे? हे दोन इशारे एकाच औषधाला का चिकटले, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९४८ साली अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनॅलिनसारखी सहा द्रव्यं वेगवेगळ्या अवयवांवर तपासली. कुठलं द्रव्य किती जोरदार, याचा क्रम लावल्यावर दिसलं की क्रम दोनच प्रकारचे येतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात तिथे एक क्रम, आणि हृदय जोरात धडधडतं तिथे दुसरा. पहिल्या रिसेप्टरला त्यांनी अल्फा म्हटलं, दुसऱ्याला बीटा. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: श्वासनलिका सैल होण्याची क्रियाही बीटाच्याच खणात पडली. हृदय आणि श्वासनलिका एकाच खणात!

जेम्स ब्लॅक यांना अंजायनाच्या रुग्णांसाठी औषध हवं होतं. हृदयाला जास्त रक्त पुरवण्याऐवजी त्याची प्राणवायूची गरजच कमी करावी, हा त्यांचा विचार. त्यातून इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत १९६४ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल आलं. (१९८८ च्या नोबेलमागे हेही काम होतं.) पण या औषधाने अख्ख्या खणालाच कुलूप लावलं. १९६४ मध्येच मॅकनील यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की दम्याच्या रुग्णांत त्याने श्वासनलिका आकसतात. निरोगी माणसाला सहसा काही जाणवत नाही. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मात्र अ‍ॅड्रेनॅलिनच्या आधाराने उघड्या राहत असतात. तो आधार गेला की झटका येऊ शकतो, आणि त्याच वेळी सॅल्ब्युटामॉलचा पंपही नीट चालत नाही, कारण तोही त्याच खणातून काम करतो.

दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांमध्ये साखर उतरल्याच्या नोंदी छापून आल्या. त्याचं कारणही तेच. साखर साधारण ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं. ते यकृताकडून साखर बाहेर काढायला मदत करतं आणि सोबत धडधड, थरथर अशी धोक्याची घंटाही वाजवतं. बीटा-ब्लॉकर घंटा दाबतं आणि मदतही अडवतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, लोणी काळभोरमधल्या एका आजींना दमा आहे, त्या इन्सुलिन घेतात, आणि हात थरथरतात म्हणून त्यांना प्रोप्रॅनोलॉल मिळालं. सकाळी इन्सुलिन घेतलं, पण नाश्ता राहिला. एरवी साखर उतरताना छाती धडधडली असती, हात कापले असते आणि आजींनी स्वतःच साखर तोंडात टाकली असती. आज तसं काहीच होत नाही. साखर पन्नाशीखाली जाते आणि घरच्यांना दिसतं ते एवढंच, की आजी असंबद्ध बोलतायत. पण त्यांचा ब्लाउज घामाने भिजलाय. हाच घाम इथे उपयोगी पडतो. घामाच्या नसा सिंपथेटिक असल्या तरी त्यांच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, बीटा रिसेप्टरचा तिथे संबंधच येत नाही. म्हणून घाम झाकला जात नाही. अशा रुग्णाला कारण नसताना घाम फुटला, की लगेच ग्लुकोमीटर लावायचा. साखर कमी निघाली आणि आजी नीट गिळू शकत असतील तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

१९६७ मध्ये लँड्स आणि सहकाऱ्यांनी बीटाचा खणही दुभागला: बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनलिका, स्नायू आणि यकृतात. त्यानंतर अ‍ॅटेनोलॉलसारखी बीटा-१ ला निवडणारी औषधं आली. सौम्य दम्यात, हृदयासाठी खरंच गरज असेल तर, डॉक्टर ती कमी डोसपासून, लक्ष ठेवून देतात. साखर सावरण्यातही ती कमी आड येतात.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. एक तर ही निवड डोसवर अवलंबून असते. डोस वाढला की बीटा-२ वरही परिणाम होतो. दुसरं, धडधड ही बीटा-१ चीच. म्हणजे अ‍ॅटेनोलॉल थरथर बरीचशी शिल्लक ठेवेल, पण धडधड झाकेलच. आणि तिसरं, काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचं टिमोलॉल हे दोन्ही बीटा अडवतं. थेंब नाकात उतरून रक्तात जातो आणि दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. औषधांची यादी विचारताना डोळ्यांचे थेंब मुद्दाम विचारा, रुग्ण ते ‘औषध’ म्हणून सांगत नाहीत.

मात्र हे वाचून घरातल्या कुणाची गोळी परस्पर बंद करू नका. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवलं तर अंजायना उसळू शकतो. बदल करायचा तो डॉक्टरांनी, आणि हळूहळू.