कपलिंगचं रबर सारखं का झिजतं? मोटर-पंपाचं अलाइनमेंट आणि कपलिंगची निवड

पंपाच्या कपलिंगमधलं रबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलावं लागतंय? कपलिंगखाली काळी भुकटी साचतेय, सीलमधून पाणी टपकतंय? मग रबराला दोष देण्याआधी मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते पाहा.

मोनोब्लॉक पंपात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे शाफ्ट एकच असतो. मोटर आणि पंप वेगळे असले, की दोन शाफ्ट जोडायला कपलिंग लागतं आणि ते दोन प्रकारे चुकतात. एकतर दोन्ही शाफ्ट समांतर असतात, पण एक थोडा वर किंवा बाजूला राहतो. नाहीतर ते एकमेकांशी कोनात असतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही चुका एकत्रच सापडतात.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. जॉ कपलिंगच्या, म्हणजे मधे चांदणीसारखं रबर असलेल्या कपलिंगच्या कॅटलॉगमध्ये साधारण ०.३८ मिलिमीटर फरक चालतो असं लिहिलेलं असतं. फिटर म्हणतो, "फ्लेक्झिबल आहे, घेईल सांभाळून." पण हा आकडा कपलिंगपुरता असतो. रबर दाबलं गेलं की ते प्रत्येक फेरीत शाफ्टला उलटं ढकलतं आणि तो भार बेअरिंग आणि सीलवर जातो. म्हणून १५०० आरपीएमच्या आसपास चालणाऱ्या सेटमध्ये समांतर फरक ०.१ मिलिमीटरच्या आत ठेवलेला बरा.

एक उदाहरण घेऊ. १० एचपी, म्हणजे ७.५ किलोवॅटची, १४४० आरपीएमची मोटर आणि थंड पाण्याचा सेंट्रिफ्यूगल पंप. सप्लाय बंद करून फ्यूज काढा आणि गार्ड उतरवा. डायल गेज मोटरच्या हबवर बांधा, त्याचं टोक पंपाच्या हबच्या कडेवर टेकवा. वर शून्य लावून दोन्ही शाफ्ट एकत्र अर्धा फेरा फिरवा. समजा खाली रीडिंग उणे ०.६० आलं. खरा फरक याच्या निम्मा असतो, म्हणजे मोटर ०.३० मिलिमीटर खाली आहे. कॅटलॉगच्या हिशेबात हे पास, पण सीलच्या दृष्टीने नापास.

मग ०.३० च्या शिम टाकायच्या का? थोडं थांबा. मोटर चालू झाली की तापते आणि तिचा शाफ्ट वर सरकतो. या मोटरच्या शाफ्टची उंची १३२ मिलिमीटर असते. बॉडी ३० अंशांनी तापली, तर ती साधारण ०.०४ ने वाढते. पंप मात्र थंडच राहतो. म्हणून चारही पायांखाली ०.२५ च्या शिम पुरतात. पंप गरम पाण्याचा असेल, तर तोही वर सरकतो आणि हिशेब बदलतो.

शिम टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. एकेक बोल्ट सैल करून बघा, डायल ०.०५ पेक्षा जास्त हलला, तर तो पाय बेसवर नीट बसलेला नाही. मग पाइपचे फ्लँज आवळताना डायलवर नजर ठेवा. काटा सरकला, तर पाइपच पंपाला ओढतोय. हे राहून गेलं, तर बाकीची मेहनत वाया जाते. कोनाचा फरक फीलर गेजने पाहता येतो: दोन हबमधली फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी हवी.

आता निवड. टॉर्क काढायचं सूत्र सोपं आहे: ९५५० गुणिले किलोवॅट, भागिले आरपीएम. आपल्या मोटरचा टॉर्क येतो साधारण ५० न्यूटन-मीटर. सुरू होतानाचे झटके धरून त्याला १.५ ने गुणलं की ७५. कपलिंगचा रेटेड टॉर्क याहून जास्त हवा. पण इथेच अनेक जण फसतात: या मोटरचा शाफ्ट ३८ मिलिमीटरचा असतो. टॉर्कला पुरणाऱ्या कपलिंगमध्ये तेवढं भोक मावत नसेल, तर पुढचा साइज घ्यावा लागतो.

बेस पक्का असेल आणि अलाइनमेंट टिकत असेल, तर जॉ कपलिंग स्वस्त आणि पुरेसं आहे. रबर तुटलं, तरी त्याचे लोखंडी दात एकमेकांत अडकून पंप काही काळ फिरत राहतो, मात्र खडखडाट करत. फ्रेम लवचिक असेल, जमीन खचत असेल, तर टायर कपलिंग जास्त फरक सोसतं. त्याचं रबर फाटलं, की पंप थांबतो. तेलाचा संपर्क असेल, तर नैसर्गिक रबराचा टायर टाळा. तो फुगून मऊ पडतो.

आणि पंप बॅक पुल-आउट प्रकारचा असेल, तर स्पेसर कपलिंगच घ्या. मधला तुकडा काढला, की मोटर न हलवता पंपाचा रोटर बाहेर येतो. सील बदलताना मोटर जागची हलत नाही, त्यामुळे बसवलेलं अलाइनमेंट सहसा बिघडत नाही.