पंजाबराव कुठले?

डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. 1952 पासून दहा वर्षे त्यांनी केंद्रात कृषी खाते सांभाळले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. ‘पंजाब’ शब्द फारसीतला आहे. पंज म्हणजे पाच, आब म्हणजे पाणी. पाच नद्यांच्या मुलुखाचे हे नाव वऱ्हाडात माणसाचे नाव झाले आणि त्याला ‘राव’ जोडला गेला. हा ‘राव’ म्हणजे ‘राजा’चे प्राकृतातून झिजत आलेले रूप. त्यामुळे मराठी कानाला ‘पंजाबराव’मध्ये पंजाब ऐकूच येत नाही, वऱ्हाडच ऐकू येते.

पण नावावरून प्रांत ओळखणारा संगणकी तक्ता हे कसे ऐकणार? ‘राव’ हा केवळ आदरार्थी प्रत्यय समजून त्याने छाटला, की उरतो पंजाब. पापळचा माणूस पंजाबच्या रकान्यात जाऊन बसतो.

दुसरे नाव द्वारकाप्रसाद मिश्र यांचे. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, तेव्हा ते इथल्या सरकारात मंत्री होते. देवनागरीत त्यांचे नाव सलग लिहितात. रोमन लिपीत ‘Dwarka Prasad Mishra’ असे तीन तुकडे होतात आणि ‘पहिले नाव’ या रकान्यात ‘Dwarka’ एवढेच उरते. मराठी घरांत द्वारका म्हणजे द्वारकाबाई, त्यामुळे मराठी नावांवर बेतलेला तक्ता त्यांना स्त्री ठरवील. ‘द्वार’पासून झालेले ‘द्वारका’ हे रूप व्याकरणाने स्त्रीलिंगीच आहे. पण द्वारकाप्रसाद म्हणजे द्वारकेचा प्रसाद, आणि नावाचे लिंग त्या छाटलेल्या ‘प्रसाद’मध्ये होते.

दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. आपल्याकडे नावाची ओळख बहुतेकदा त्याच्या शेपटात असते. राव, बाई, प्रसाद ही शेपटे कापली, की उरलेला शब्द निव्वळ शब्दकोशातला राहतो, माणसाचा राहत नाही. रोमन लिपी त्यात भर घालते. ‘Krishna’ हे कृष्ण असेल किंवा कृष्णा असेल. आणि कृष्णा म्हटले तरी तो लाडाने हाक मारलेला मुलगा असू शकतो किंवा नदीच्या नावाची मुलगी. शेवटी ‘a’ दिसला की स्त्री, हा नियम इथे निरुपयोगी आहे.

नागपुरात ही अडचण जास्तच जाणवते. 1956 पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. नाव ठेवण्याच्या दोन्ही रीती इथे एकाच गल्लीत नांदल्या. ‘कमल’ मराठी घरात बहुधा बाई असते, हिंदी घरात बहुधा पुरुष. म्हणजे लिंग ओळखायला आधी घरची भाषा कळायला हवी, आणि तीही आपण नावावरूनच ताडत असतो. पहिला अंदाज चुकला की दुसराही चुकतो.

तक्ता बरोबर असला तरी तो कुठे लावला यावर बरेच अवलंबून असते. समजा, निम्मे पुरुष आणि निम्म्या स्त्रिया असलेल्या लोकसंख्येत ‘किरण’ नावाच्या शंभरांपैकी 70 पुरुष आहेत. हाच तक्ता परिचारिका महाविद्यालयाच्या सर्वेक्षणाला लावला आणि तिथे शंभरांत 90 स्त्रिया असल्या, तर हिशेब उलटतो. पुरुषांकडून 70 × 10 म्हणजे 700 आणि स्त्रियांकडून 30 × 90 म्हणजे 2700. एकूण 3400 मध्ये पुरुषांचा वाटा जेमतेम 21 टक्के. तक्ता मात्र तिथल्या प्रत्येक किरणला पुरुषच म्हणत राहील. ही चूक दोन्ही बाजूंनी होऊन फिटत नाही. ती एकाच दिशेने साचते आणि त्या पाहणीतल्या किरण नावाच्या सगळ्या स्त्रिया नाहीशा होतात.

ही चूक पकडायला यादीतल्या दोनशे जणांना थेट विचारावे आणि अंदाज ताडून पाहावा, पण स्त्री व पुरुष वेगवेगळे मोजावेत. एकूण नव्वद टक्के बरोबर, या आकड्याआड स्त्रियांचा अंदाज साठच टक्के बरोबर आलेला असू शकतो. संदिग्ध नावांना ‘अनिश्चित’ असा रकाना द्यावा आणि त्यात किती गेली, तेही छापावे. जी माणसे स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवत नाहीत, ती कोणत्याही तक्त्याला दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी विचारण्याला पर्याय नाही.

प्रांताच्या बाबतीत तर आणखी जपायला हवे. नाव फार तर ते ठेवणाऱ्यांची रीत सांगते, माणसाचे गाव नव्हे. नागपुरात जन्मलेल्या माणसापुढे केवळ नावावरून ‘परप्रांतीय’ लिहिले आणि ती यादी पुढे कुणाच्या हाती गेली, तर तो शेरा त्याच्या घरापर्यंत पोहोचतो. म्हणून असा अंदाज समूहाच्या बेरजेपुरता ठेवावा, एकट्या माणसाच्या ओळीत लिहू नये. पंजाबराव कुठले, हे पंजाबरावांनाच विचारावे.