चांद्याचा रामशहा गादीवर बसला तेव्हा किती वर्षांचा होता?

चंद्रपूर : चांद्याचा गोंड राजा वीरशहा याला त्याच्याच पदरच्या हिरामणने मारलं. मुलगा नव्हता. राणी हिराईने चंदनखेड्याच्या गोंड घराण्यातला रामशहा दत्तक घेतला आणि तो मोठा होईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. ही गोष्ट जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. पण तेव्हा रामशहाचं वय काय होतं, हे काढायला बसलं की अडचण सुरू होते.

इंग्रजांच्या काळात छापलेल्या वंशावळीत वीरशहाचा मृत्यू १६७२ साली आणि रामशहाची कारकीर्द १६७२ ते १७३५ अशी दिली आहे. म्हणजे ६३ वर्षं. पाच वर्षांचं पोर गादीवर बसवलं असं धरलं, तर वारला तेव्हा तो ६८ वर्षांचा होतो. गणित जुळतं, म्हणून हे साल अनेकांनी तसंच उतरवलं.

मोगलांची कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात. १६८४ मध्ये त्यांच्या मदतीने किशनसिंह चांद्याच्या गादीवर आला, १६९६ मध्ये तो वारला आणि त्याचा मुलगा बीरसिंह राजा झाला. हा बीरसिंह म्हणजेच आपला वीरशहा. जो १६९६ ला राजा झाला, तो १६७२ ला मरेल कसा? (त्याच कागदांत १६८४ चा एक रामसिंह येतो. तो आधीचा राजा, हिराईचा रामशहा नव्हे. नाव सारखं दिसलं की इथेच घोळ होतो.)

म्हणून दुसरी सालावळ जास्त पटते : वीरशहाचा मृत्यू १७०४, हिराईचा कारभार १७१९ पर्यंत, पुढे १७३५ पर्यंत रामशहा. हिराईने १५ वर्षं कारभार पाहिला. दत्तक घेताना पोर दहा वर्षांचं असतं, तर १७१९ ला ते २५ वर्षांचं झालं असतं. एवढ्या मोठ्या राजाच्या नावाने कोण राज्य चालवणार? तेव्हा वय दोन ते पाच वर्षं धरणं बरं. हा अंदाज आहे, जन्मतारीख नव्हे.

सवाई माधवरावांचं तसं नाही. वडील नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ ला मारले गेले, मुलगा १८ एप्रिल १७७४ ला जन्मला आणि ४० दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या पोटच्या पोराचा जन्म त्या मृत्यूच्या सालाशी बांधलेला असतो. दत्तक पोर दुसऱ्याच घरी आधी जन्मलेलं, त्यामुळे वीरशहाच्या मृत्यूवरून रामशहाचं वय निघत नाही.

कारभारी कोण, हे मात्र बांधकामावरून दिसतं. अचलेश्वराजवळची वीरशहाची समाधी आणि महाकालीचं मंदिर, दोन्हीचं श्रेय हिराईलाच दिलं जातं, बालराजाला नाही.