निळा गोळा, लाल गोळा: गेमचा बिल्ड यंत्राच्या हाती कसा गेला

२००४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत कोसुके कावागुची नावाचा एक जपानी प्रोग्रॅमर काम करीत होता. त्याने जोडलेल्या कोडमुळे साऱ्या चमूचा बिल्ड मोडे आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवे. बिल्ड म्हणजे सर्वांचे कोड एकत्र करून तयार केलेला, प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम.

आपली चूक दुसऱ्यांआधी आपल्यालाच कळावी, म्हणून त्याने फावल्या वेळात एक प्रोग्रॅम लिहिला. कोणी नवा बदल, म्हणजेच कमिट, केला की तो आपोआप बिल्ड करून पाही. त्याचे नाव हडसन. पुढे ओरॅकलशी नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्याचेच जेन्किन्स झाले. हडसनमध्ये यशाची खूण हिरवी नव्हे, निळी होती, कारण जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्यालाही ‘निळा’च म्हणतात! अपयश मात्र तिथेही लालच.

गेमच्या बाबतीत मात्र यशाची ही खूण फसवी ठरते. गेममध्ये कोडपेक्षा चित्रे, ध्वनी, नकाशे, हालचाली यांचाच पसारा मोठा. हे सारे साहित्य कन्सोलला वा संगणकाला वाचता येईल अशा रूपात बदलावे लागते. या टप्प्याला ‘कुकिंग’ म्हणतात. अनरियल इंजिनमधील आज्ञेचे नावच पाहा: `BuildCookRun`. आधी कोड जुळवा, मग साहित्य शिजवा, मग चालवून पाहा.

एक प्रसंग कल्पू. प्रोग्रॅमरने जहाजाच्या सुकाणूशी संबंधित एका गुणधर्माचे नाव बदलले. डिझायनरने महिन्यापूर्वी केलेल्या मांडणीत मात्र जुनेच नाव राहिले. कोड विनातक्रार जुळते, कुकिंगही पार पडते, खूण यशाची दिसते. गेम उघडून सुकाणू फिरवले, तर जहाज हलतच नाही. बिल्ड झाला, पण खेळता येईना.

या प्रश्नाला ठोस उत्तर शोधणाऱ्यांत इंग्लंडमधील रेअर हा स्टुडिओ होता. त्यांचा ‘सी ऑफ थीव्ज’ हा चाचेगिरीचा गेम मार्च २०१८ मध्ये आला. खेळाडू आणि सर्व्हर यांच्यात सतत देवाणघेवाण, आणि प्रकाशनानंतरही नित्य नवी भर. प्रत्येक वेळी माणसांनी सारा समुद्र पालथा घालून तपासणी करणे अशक्यच होते. तेथील अभियंता रॉबर्ट मासेला यांनी २०१९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांची रीत उलगडून सांगितली.

त्यांनी गेमच्या आतच चाचण्या लिहिल्या. सुकाणूची चाचणी अशी असू शकते: रिकामा नकाशा उघडायचा, जहाज ठेवायचे, खेळाडूला सुकाणू धरायला लावायचे, आणि ठरावीक काळाने जहाजाची दिशा बदलली का ते पाहायचे. वरच्या प्रसंगातील चूक इथे लगेच पकडली जाते. पण त्यासाठी सर्व्हर, खेळाडूचा गेम आणि नकाशा असे सारे सुरू करावे लागते, त्यामुळे ही चाचणी संथ. म्हणून रेअरने मधला मार्ग काढला. नेटवर्क आणि पूर्ण नकाशा वगळून, गेममधील मोजक्या वस्तू एकाच प्रक्रियेत मांडून तपासणाऱ्या जलद चाचण्यांवर त्यांनी भर दिला.

नियमही कडक होता. मुख्य बिल्ड लाल झाला, तर तो दुरुस्त होईपर्यंत इतर कमिट थांबत.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. काही चाचण्या विनाकारण, अधूनमधून फसतात. कधी यंत्र मंदावते, कधी दोन घटनांचा क्रम उलटतो. हिशेब करून पाहा. हजार चाचण्या आहेत आणि प्रत्येक चाचणी हजारांत एकदाच खोटी फसते. तरी सर्वच्या सर्व एकदम उत्तीर्ण होण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन बिल्ड काहीही बिघडलेले नसताना लाल! असे आठवडाभर चालले की लोक लाल खुणेकडे पाहणेच सोडतात, आणि मग खरी चूकही त्या गर्दीत निसटते.

रेअरने अशा लहरी चाचण्या वेगळ्या काढल्या. त्या चालत राहत, पण दुरुस्त होईपर्यंत बिल्ड अडवण्याचा अधिकार त्यांना नसे. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतील हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

टेस्टर मंडळी मात्र घरी गेली नाहीत. सुकाणूने जहाज वळते का, हे यंत्र सांगे. वळताना पाण्याचा आवाज खटकतो का, लाट विचित्र दिसते का, यासाठी माणसेच रोज ताज्या बिल्डमध्ये समुद्रावर उतरत राहिली.